भोपळा, सूर्यफूल आणि कलिंगडाच्या बिया: करपू न देता घरी कुरकुरीत कशा भाजायच्या

तिन्ही बिया एकाच कढईत एकदम टाकून भाजल्या की ठरलेलं घडतं. कलिंगडाचा मगज तपकिरी होऊन कडवट लागतो, सूर्यफुलाच्या बिया टोकाला काळ्या पडतात आणि भोपळ्याच्या बिया आतून अजून चिवटच असतात. पुढच्या वेळी धास्तीने आच कमी ठेवली जाते, बिया लवकर उतरवल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला की सगळ्याच नरम लागतात.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. बी कुरकुरीत होते ती आतलं पाणी गेल्यामुळे. खमंग होते ती वरून रंग आल्यामुळे. ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी जायला वेळ लागतो, रंग यायला आच लागते. पाणी जायच्या आधीच आच वाढवली तर बाहेरून रंग येतो, आत ओल राहते, आणि तुम्ही रंग बघून फसता. म्हणून आधी मंद आचेवर बी सुकवायची, मग थोडा वेळ आच वाढवून खमंग करायची, आणि पूर्ण झाली असं वाटण्याच्या जरा आधीच उतरवायची. तिन्ही बियांची जाडी वेगळी, म्हणून वेळही वेगळा. त्यामुळे भाजायच्या नेहमी वेगवेगळ्या. एकत्र करायच्या त्या गार झाल्यावर.

## १. बिया कोणत्या आणायच्या

पहिल्यांदा करत असाल तर सोललेल्या बियांपासून सुरुवात करा. टरफलासकट बियांचं तंत्र वेगळं आहे, ते पुढे सहाव्या पायरीत दिलं आहे.

भोपळ्याच्या सोललेल्या बिया हिरव्या, चपट्या आणि जाडसर असतात. रंग एकसारखा हिरवा हवा. पिवळट पडलेल्या, सुरकुतलेल्या बिया जुन्या असतात. सूर्यफुलाचा सोललेला दाणा राखाडी असतो आणि एका बाजूला टोकदार. त्यात तुटलेले दाणे फार असतील तर ते पाकीट घेऊ नका, कारण तुकडे अख्ख्या दाण्यांच्या आधी करपतात आणि सगळ्या घाण्याला करपट वास लावतात.

कलिंगडाची सोललेली बी दुकानात ‘मगज’ म्हणूनच मिळते. इथे थोडं डोळसपणे बघावं लागतं, कारण मगज म्हणून कधी कलिंगडाची बी मिळते, तर कधी खरबुजाची. कलिंगडाची बी रुंद आणि थोडी जाड असते, खरबुजाची निमुळती आणि पातळ. दोन्ही चालतात, पण खरबुजाची बी आणखी लवकर रंग धरते, तेव्हा हातात कोणती आहे हे माहीत असलेलं बरं.

घेताना शक्य असेल तर दोन दाणे चावून बघा. या तिन्ही बियांत वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं आणि ते तेल लवकर खवट होतं. कच्च्या बीला जुन्या तेलासारखा वास येत असेल, जिभेवर मागाहून कडवटपणा राहत असेल, तर ती भाजून सुधारत नाही. भाजल्यावर तो वास उलट जास्त जाणवतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: पेरणीसाठी विकायला ठेवलेलं बियाणं कधीही खाण्यासाठी वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. बहुतेक वेळा ते गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असतं, पण रंग दिसला नाही म्हणून ते खाण्याजोगं ठरत नाही, आणि धुऊनही ठरत नाही.

## २. काय काय लागेल

- जाड बुडाची कढई. बिडाची किंवा लोखंडी असेल तर उत्तम, जाड ॲल्युमिनियमचीही चालते. पातळ स्टीलची शक्यतो नको.
- लाकडी किंवा स्टीलचं उलथणं, ज्याची कड सपाट असेल.
- मोठी परात किंवा स्टीलचं रुंद ताट, गार करायला. हे कढईशेजारी आधीच ठेवायचं.
- बारीक भोकांची चाळणी, भुसा आणि तुकडे काढायला.
- छोटा वजनकाटा असेल तर फार उपयोग होतो. नसेल तर वाटीचं माप चालेल.
- घट्ट झाकणाचा कोरडा डबा किंवा काचेची बरणी.

पातळ भांड्याची अडचण अशी, की ज्योत जिथे लागते तिथे ते एकदम तापतं आणि बाकी ठिकाणी गारच राहतं. बिया कितीही हलवल्या तरी काही त्या गरम जागेवर सारख्या जात राहतात आणि ठिपके पडतात. इंडक्शनवर ही अडचण वाढते, कारण कमी आकड्यावर ठेवलं तरी बऱ्याच शेगड्या थांबून थांबून जोरात तापतात. इंडक्शन वापरत असाल तर बिडाचं जड भांडं घ्या, ते आधी पाच मिनिटं कमी आकड्यावर तापू द्या आणि मगच बिया टाका.

## ३. निवडणं आणि कोरडं करणं

बिया चाळून घ्या. चाळणीखाली पडलेले तुकडे फेकायची गरज नाही. ते कच्चेच चटणीत किंवा वाटणात जातात, फक्त या कढईत नकोत. काळे पडलेले, बुरशीचा पांढरा किंवा हिरवट थर असलेले दाणे मात्र काढून टाका. सगळ्या पाकिटालाच कुबट वास असेल तर ते पाकीट वापरूच नका.

सोललेल्या बिया स्वच्छ असतील तर धुऊ नका. धुतल्या की पाणी शोषतात, आणि ते पाणी काढायला कढईत जास्त वेळ लागतो. धुवाव्याच लागल्या तर झटकन धुऊन, निथळून, सुती कापडावर एकेरी पसरून पंख्याखाली चार-पाच तास ठेवा. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही हे पुरत नाही. तिथे भाजण्याआधी बिया कढईत अगदी मंद आचेवर, हाताला जेमतेम गरम लागेल इतपत, पाचेक मिनिटं फिरवून उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. त्यानंतर खरं भाजायला घ्या. दोनदा काम वाटतं, पण दमट हवेतल्या बिया एकाच दमात भाजल्या की बाहेरून झालेल्या आणि आतून चिवट राहिलेल्या हमखास मिळतात.

## ४. कढईत भाजणं

आता तिन्ही बिया प्रत्येकी १०० ग्रॅम, म्हणजे साधारण पाऊण वाटी, एका कढईत पाठोपाठ कशा भाजायच्या ते बघू. क्रम महत्त्वाचा: आधी भोपळा, मग सूर्यफूल, शेवटी मगज. भोपळ्याच्या बीला सगळ्यात जास्त उष्णता लागते आणि मगजाला सगळ्यात कमी. शेवटी मगजाची पाळी येते तेव्हा गॅस जवळजवळ बंदच असतो, तापलेली कढईच बरंचसं काम करते.

एका वेळी इतक्याच बिया घ्या की तळाशी एक थर, फार तर दीड थर होईल. साधारण दहा इंची कढईला १०० ग्रॅम बरोबर बसतात. जास्त टाकल्या तर वरच्या बिया वाफेत शिजतात आणि खालच्या करपतात.

कढई मंद आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. मग बोटाने पाण्याचे दोन थेंब शिंपडा. थेंब चुर्र करून दोन-तीन सेकंदांत विरले तर कढई तयार आहे. थेंब मोत्यासारखे गोल होऊन इकडेतिकडे पळायला लागले तर ती जास्त तापली आहे. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. थेंब नुसतेच पसरून बसले तर अजून तापू द्या. तेल घालायचं नाही. या बियांचं स्वतःचं तेल पुरतं, आणि वरून घातलेल्या तेलामुळे त्या लवकर खवट होतात.

भोपळ्याच्या बिया (साधारण ७ ते ८ मिनिटं). मंद आचेवर बिया टाका आणि पहिली तीन-चार मिनिटं आरामात, पण न थांबता हलवत राहा. हलवताना उलथणं तळाला घासून न्यायचं आणि बिया उलटवायच्या. नुसतं गोल गोल फिरवलं की मधल्या बिया मध्येच राहतात. या वेळात काही घडतंय असं वाटणार नाही. आतलं पाणी गरम होत असतं, म्हणून इथे कंटाळून आच वाढवू नका.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला पहिली बी ‘टक्’ करते. नीट बघा: चपटी बी मधून फुगते, पोट आल्यासारखी गोलसर होते आणि तिचा गडद हिरवा रंग थोडा फिकट, पोपटी दिसायला लागतो. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बीला आतून फुगवते. ती फुगलेली पोकळी नंतर दाताखाली कुरकुर वाजते, म्हणून फुगणं ही या बीची सगळ्यात खात्रीची खूण आहे. आता आच किंचित वाढवा, मंद आणि मध्यम यांच्या मधे. तडतड वाढेल, काही बिया उडतीलही. निम्म्याहून जास्त बिया फुगल्या, तडतड कमी व्हायला लागली आणि काही बियांच्या कडेला सोनेरी छटा आली की लगेच परातीत काढा. सगळ्याच बिया फुगायची वाट बघायची नाही. काही कधीच फुगत नाहीत, आणि त्यांच्या नादात बाकीच्या करपतात. हिरवा रंग जाऊन तपकिरी दिसायला लागला म्हणजे उशीर झाला.

सूर्यफुलाच्या बिया (साधारण ५ ते ६ मिनिटं). भोपळ्याच्या बिया काढल्यावर गॅस मंद करा आणि कढईत राहिलेला भुसा कोरड्या कापडाने, हात सांभाळून, पुसून घ्या. हा भुसाच पुढच्या घाण्याला करपट वास लावतो. सूर्यफुलाचा दाणा फुगत नाही, तडतडतही नाही, त्यामुळे इथे कान उपयोगाचा नाही. इथे नाक लागतं. पहिले तीन मिनिट कच्च्या पिठासारखा वास येतो. मग तो हळूहळू भाजलेल्या शेंगदाण्यासारखा होतो. तो बदल जाणवला की तिथून एक मिनिट. राखाडी दाण्यावर, आधी टोकाला आणि मग पोटावर, फिकट बदामी डाग यायला लागतात. साधारण तिसरा हिस्सा दाण्यांवर असे डाग दिसले की उतरवा. सगळे दाणे बदामी होईपर्यंत थांबलात तर परातीत गेल्यावर ते गडद होतील.

मगज (साधारण ३ मिनिटं). घाई करून चालत नाही ती इथेच. मगज पातळ असतो, त्याला रंग यायला तीस सेकंदही पुरतात. कढई पुसून घ्या, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग अगदी कमी ज्योतीवर पुन्हा लावा. मगज टाकल्यावर हात अजिबात थांबवायचा नाही. दीड-दोन मिनिटांत बिया फुटून उड्या मारायला लागतात आणि कढईबाहेरही जातात. त्या वेळी जाळीचं झाकण हातात धरलं तर बरं पडतं, पण घट्ट झाकण नको, वाफ कोंडते. पांढरा रंग बदलून सायीसारखा झाला, पाच-दहा बियांच्या कडेला पिवळसर रेघ दिसली, की गॅस बंद करून लगेच परातीत. मगज कढईत तसाच ठेवून फोन घ्यायला गेलात तर गॅस बंद असूनही तो करपतो. कढईची उष्णता तेवढी पुरते.

मगज झाला की नाही हे खात्रीने बघायचं तर एक बी काढून गार ताटलीवर अर्धं मिनिट ठेवा आणि बोटांनी मोडा. ‘कट्’ आवाज होऊन सरळ तुटली तर झाली. वाकून मग तुटली तर अजून वीस-तीस सेकंद द्या. गरम असताना चावून बघण्यात अर्थ नाही, कारण कोणतीही बी गरम असताना थोडी मऊच लागते. ‘अजून मऊ आहे’ म्हणून आणखी भाजत राहणं हे बिया करपण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

वजनकाटा असेल तर आणखी एक पडताळा आहे. १०० ग्रॅम कोरड्या सोललेल्या बिया नीट भाजून गार झाल्या की तीन-चार ग्रॅम कमी भरतात. वजन जेमतेम एका ग्रॅमने कमी झालं असेल आणि रंग मात्र आला असेल, तर आच जास्त होती आणि पाणी आतच राहिलं.

## ५. मीठ-मसाला कधी घालायचा

कोरडं मीठ कोरड्या बीला चिकटत नाही. ते परातीच्या तळाशी जातं, आणि शेवटची मूठ खारट लागते. त्यासाठी मिठाचं पाणी वापरा. १०० ग्रॅम बियांना पाव चमचा बारीक मीठ दोन चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. बिया उतरवायला दोन मिनिटं बाकी असताना हे पाणी चौफेर शिंपडा आणि भराभर हलवा. चुर्र आवाज होईल, बिया क्षणभर ओल्या दिसतील, मग प्रत्येक बीवर मिठाचा पांढुरका थर बसेल. पाणी पडल्यावर कढई थोडी निवते, म्हणून नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त लागतं. मगजाला मात्र एकच चमचा पाणी, आणि तेही अगदी सुरुवातीलाच, एक मिनिट झाल्यावर घाला. शेवटी घातलं तर ते सुकेपर्यंत कडा तपकिरी होतात.

तिखट, हळद, जिरेपूड, मिरपूड, चाट मसाला यातलं काहीही गॅस चालू असताना घालायचं नाही. तिखट आणि हळद बियांच्या आधी करपतात, आणि लोकांना वाटतं बियाच कडू झाल्या. गॅस बंद करून, बिया गरम असतानाच मसाला भुरभुरा. चिकटावा म्हणून १०० ग्रॅमला पाव चमचा तेल हातावर घेऊन चोळलं तर चालतं, पण त्या बिया आठवडाभरात संपवा. लिंबाचा रस घालायचा असेल तर तो मिठाच्या पाण्यात मिसळून कढईतच, म्हणजे सुकून जातो. गार बियांवर लिंबू पिळलं की कुरकुरीतपणा तिथेच संपला.

## ६. टरफलासकट बिया

घरी आणलेल्या लाल भोपळ्याच्या बिया टाकून दिल्या जातात, पण त्या चांगल्या होतात. आधी एक खबरदारी. भोपळ्याच्या गराचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. गर कडू लागला तर भोपळाही टाका आणि बियाही. कडू दुधीसारखंच इथेही त्या कडूपणाने पोट गंभीर बिघडू शकतं.

गर आणि धागे पाण्यात चोळून काढा. बिया वर तरंगतात, गर खाली बसतो. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात वाटीभर बिया दहा मिनिटं उकळा. यामुळे टरफलाचा चिवटपणा कमी होतो आणि मीठ आतपर्यंत जातं. मग निथळून कापडावर एकेरी पसरा. इथे कागद वापरू नका, ओल्या बिया कागदाला चिकटतात आणि तुकड्यातुकड्याने सोलत बसावं लागतं.

वाळवायला विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, एरवी दोन-तीन दिवस लागतात. वाळल्या की नाही हे बघायची सोपी रीत अशी: सकाळी वजन करा, संध्याकाळी करा. वजन बदललं नाही तर वाळल्या. काटा नसेल तर मुठीत घेऊन खुळखुळवा. वाळलेल्या बिया खडखडतात, ओलसर बिया एकमेकींना चिकटून गप्प राहतात.

टरफलासकट बिया, विशेषतः काळ्या पट्ट्यांच्या सूर्यफुलाच्या बिया, भाजायची उत्तम रीत भडभुंज्याची आहे. तो वाळूत भाजतो, आपण घरी जाड मिठात भाजायचं. एक वाटी बियांना दोन वाट्या जाडं मीठ घ्या. मीठ कढईत मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. सुरुवातीला ते तडतडेल, ते थांबलं की त्यातली ओल गेली. मग आच मंद करून बिया टाका आणि मीठ सारखं खालीवर करा. गरम मीठ बीला सगळ्या बाजूंनी लागतं, त्यामुळे एकाच बाजूला डाग पडत नाही. सूर्यफुलाला सहा-आठ मिनिटं, भोपळ्याला आठ-दहा. मधूनमधून एक बी काढून, फोडून आतला दाणा बघा, कारण टरफलाचा रंग काहीच सांगत नाही. दाणा फिकट बदामी दिसला की चाळणीवर ओता. मीठ खाली पडेल, ते गार करून पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतं. नॉनस्टिक भांड्यात हे करू नका, मिठाने त्याचा थर खरवडला जातो. बिया आधीच मिठाच्या पाण्यात उकळल्या असतील तर भाजल्यावर त्या चाळून कापडात चोळून घ्या, नाहीतर खारटपणा फार होतो.

कलिंगडाच्या घरच्या बियांत फक्त पूर्ण काळ्या किंवा गडद तपकिरी, टणक बिया घ्या. पांढऱ्या, मऊ बियांत दाणा भरलेलाच नसतो. बियांवर निसरडा थर असतो. तो राखेत किंवा जाड मिठात चोळून धुतला की जातो. मग भोपळ्यासारखंच वाळवून मिठात सात-आठ मिनिटं भाजा. लहान बिया सोलणं वेळखाऊ आहे, त्या टरफलासकटच चावून खाल्ल्या जातात. चिवड्यात किंवा लाडवात घालायच्या असतील तर घरी सोलत बसण्यापेक्षा मगज विकत आणणं शहाणपणाचं.

## ७. ओव्हन आणि एअर फ्रायर

पाव किलोपेक्षा जास्त बिया असतील तर ओव्हन सोयीचा. १५० अंशांवर आधी तापवा, ट्रेमध्ये एकेरी थर पसरा. भोपळ्याच्या सोललेल्या बियांना १२ ते १५ मिनिटं, सूर्यफुलाला १० ते १२, मगजाला ६ ते ८. दर चार मिनिटांनी ट्रे बाहेर काढून हलवायचा आणि ट्रेची पुढची बाजू मागे करायची, कारण बहुतेक घरगुती ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात. काळा ट्रे फिकट ट्रेपेक्षा लवकर रंग आणतो, तिथे दोन मिनिटं कमी धरा. १८० अंशांवर ठेवून वेळ वाचवायचा मोह टाळा.

एअर फ्रायरमध्ये मगज पंख्याच्या झोतात उडून वरच्या तापलेल्या सळईला चिकटतो आणि जळतो. त्यात मगज घालूच नका. भोपळ्याच्या बिया चालतात, १५० अंशांवर सहा-सात मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. मायक्रोवेव्हमध्ये बी आतूनही तापते, त्यामुळे बाहेरून फिकट आणि मधे काळी असं होऊ शकतं. वापरायचाच असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबून एक बी मोडून आत बघा.

## ८. गार करणं आणि डबा

परातीत काढलेल्या बिया लगेच पसरा, ढीग ठेवू नका. ढिगाच्या मध्यभागी उष्णता कोंडते आणि तिथल्या बिया परातीतही रंग बदलत राहतात. पूर्ण गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. परात खालून हाताला जराही कोमट लागली तर डबा भरू नका. कोमट बियांची वाफ झाकणाला जमते, तेच पाणी परत बियांवर पडतं आणि सकाळपर्यंत त्या सादळतात. पावसाळ्यात उलट काळजी: गार झाल्या झाल्या भरा, तासन् तास उघड्या ठेवल्या तर हवेतली ओल शोषतात.

भाजलेल्या बिया घट्ट डब्यात, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. भाजल्यावर त्यातलं तेल कच्च्या बियांपेक्षा लवकर खवट होतं, म्हणून महिन्याभराच्या एकदम भाजून ठेवू नका. कच्च्या बिया फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याला लागतील तेवढ्याच भाजा. फ्रीजमधून काढल्यावर पाकीट न उघडता बाहेरच्या हवेइतकं होऊ द्या, नाहीतर गार बियांवर दव जमतं.

## ९. बिघडलं तर

गार झाल्यावर नरम लागतात. पाणी आत राहिलं आहे. रंग अजून फिकट असेल तर पुन्हा कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं फिरवा. रंग आधीच आला असेल तर कढई नको, ओव्हनमध्ये १०० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्या उष्णतेत रंग वाढत नाही, फक्त ओल जाते. डब्यात सादळलेल्या बियाही याच रीतीने परत कुरकुरीत होतात.

बाहेर डाग, आत कच्च्या. भांडं पातळ किंवा जास्त तापलेलं होतं. डागी बिया निवडून काढा आणि बाकीच्या मंद आचेवर पुन्हा घ्या.

सगळ्यांनाच करपट वास. काळ्या पडलेल्या थोड्या बियांमुळे असेल तर त्या लगेच वेचून काढा आणि बाकीच्या दुसऱ्या, स्वच्छ ताटात पसरा. अर्ध्या तासाने वास गेला नाही तर टाकून द्या. मसाला किंवा गूळ घालून करपटपणा झाकला जात नाही, लाडू वळले तर सगळे लाडू तसेच लागतात.

चिवड्यात घातल्यावर काळ्या पडतात. भाजलेल्या बिया गरम फोडणीत टाकल्या की त्या दुसऱ्यांदा भाजल्या जातात. फोडणीत शेंगदाणे, डाळं, पोहे सगळं परतून चिवडा कोमट झाला की बिया शेवटी मिसळा. लाडवांचंही तसंच: पाक किंवा गूळ गॅसवरून उतरवून, मिनिटभर थांबून मग बिया घाला, आणि मगज त्यातही सगळ्यात शेवटी.